वेबिनारचा पहिला पोल फसतो तो कुठे? सुरुवातीच्या स्क्रिप्टमधल्या या चुका टाळा

ऐरोली-महापेच्या ऑफिसांतून सुटणाऱ्यांसाठी करिअर वर्कशॉप संध्याकाळी साडेसातला ठेवलं, की बरेच जण ट्रान्स-हार्बरच्या गाडीतूनच मोबाइलवर जॉइन होतात. स्क्रिप्ट मात्र लॅपटॉपसमोर निवांत बसलेल्या माणसासाठी लिहिलेली असते. ७:३२ ला पोल येतो, मोजकीच उत्तरं पडतात आणि लोकांनाच उत्साह नाही असं ठरवलं जातं.

स्वागत दोन-तीन वाक्यांत उरका. वक्त्याचा बायोडेटा रजिस्ट्रेशनच्या मेलमध्ये गेलेला असतो, तो पुन्हा वाचू नका.

नियम सांगताना सर्रास होणारी चूक म्हणजे मीटिंगची वाक्यं वेबिनारमध्ये उचलणं. झूम वेबिनारमध्ये प्रेक्षकांचा माइक मुळात बंदच असतो, होस्टने परवानगी दिल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. तिथे 'सगळ्यांनी म्यूट करा' म्हणण्यात वेळच जातो. त्याऐवजी हे सांगा: 'चॅटमध्ये लिहिताना वर Everyone निवडा, नाहीतर तुमचा मेसेज फक्त आम्हालाच दिसेल. प्रश्न मात्र Q&A मध्येच टाका, चॅटमध्ये ते वाहून जातात. रेकॉर्डिंग सुरू आहे.' Everyone हा पर्याय सेटिंगमध्ये सुरू आहे ना, ते आधी बघून घ्या.

आता पोल. तो ७:३६ च्या सुमाराला घ्या, तोवर उशिरा येणारे पोचलेले असतात. 'तुम्ही करिअरबद्दल गंभीर आहात का?' असला प्रश्न नको. त्याला 'नाही' कोण म्हणणार? उत्तरावरून तुमचा पुढचा तास बदलेल, असं काहीतरी विचारा:

'आज तुम्ही कुठे आहात? शेवटच्या वर्षाला, पहिल्या नोकरीच्या शोधात, नोकरी बदलायच्या बेतात, की खंडानंतर परत यायचंय?'

चार पर्याय, उत्तर एकच. मोबाइलवर पोलची खिडकी स्लाइड झाकते, म्हणून पर्याय तोंडानेही वाचा. पोल साधारण पाऊण मिनिट उघडा ठेवा आणि तेवढ्या वेळात नवा विषय काढू नका. बंद केल्यावर Share Results दाबायला विसरू नका, आणि निकालाचं पुढे काय करणार तेही लगेच सांगा: 'नोकरी बदलणारे जास्त आहेत, म्हणून रेझ्युमे थोडक्यात घेऊ आणि नोटीस पीरियडवर जास्त बोलू.'

'पोल दिसतच नाही' असे मेसेज आले तर आधी विचारा, बघताय कुठे? यूट्यूब लाइव्हवर असलेल्यांना झूमचा पोल दिसत नाही. त्यांना पर्यायाचा आकडा कॉमेंटमध्ये टाकायला सांगा. झूमवर असूनही दिसत नसेल, तर अ‍ॅप जुनं असू शकतं. आदल्या दिवशी दुसऱ्या फोनवरून साध्या प्रेक्षकासारखं जॉइन होऊन बघा, कारण होस्टला स्वतःच्या पोलमध्ये मत देता येत नाही आणि त्याच्या स्क्रीनवर सगळं व्यवस्थितच दिसतं.

निकालातली टक्केवारी मत देणाऱ्यांची असते. ८० जण हजर असताना २० जणांनीच उत्तर दिलं, तर '६० टक्के' म्हणजे १२ माणसं. तेवढ्यावर अख्खं सत्र वळवण्याआधी चॅटमध्ये एकदा हाच प्रश्न टाकून पाहा.