नऊ बाय नऊचा गो: पहिल्या तीन सोंगट्यांतल्या या चुका टाळा

गोचे नियम कळले. सोंगटी छेदबिंदूवर ठेवायची, चारी बाजू बंद झाल्या की ती उचलायची, दोन डोळे असलेला गट मरत नाही, को म्हणजे काय, हेही समजलं. तरी नऊ बाय नऊच्या पटावर डाव दहाव्या-बाराव्या खेळीलाच हातातून गेलेला असतो आणि नेमकं कुठे चुकलं ते सापडत नाही. पुण्यात गोकडे येणारे बरेच जण बुद्धिबळाच्या क्लासमधून येतात. त्यामुळे शोध सुरू होतो तो मधल्या मारामारीत. चूक मात्र बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या तीन सोंगट्यांत झालेली असते.

पट नसेल तर ड्रॉइंग शीटवर नऊ आडव्या, नऊ उभ्या रेघा मारा आणि काळी-पांढरी बटणं घ्या, काम भागतं. उभ्या रेघांना डावीकडून A ते J अक्षरं द्या, पण I वगळा. पडद्यावरच्या पटांवरही तो वगळलेला असतो. आडव्या रेघांना खालून १ ते ९ आकडे द्या. मधला बिंदू E5 येईल. पुढचं वाचताना सोंगट्या प्रत्यक्ष मांडत गेलात तर जास्त समजेल.

कोपऱ्यापासून सुरुवात

'आधी कोपरा, मग कड, मग मध्य' हा सल्ला खरा आहे, पण तो ३६१ बिंदूंच्या मोठ्या पटासाठी. इथे बिंदू ८१. E5 कुठल्याही कडेपासून पाचव्या रेघेवर आहे, म्हणजे मध्य आणि कड यांच्यात फार अंतरच नाही. G7 ला, म्हणजे कोपऱ्यापासून तिसऱ्या-तिसऱ्या रेघेवर सोंगटी ठेवली की तिच्या आड कोपऱ्यातले चार बिंदू येतात: H8, H9, J8, J9. एवढ्याशा जागेसाठी पहिली खेळी खर्च झाली. G7 ने डाव लगेच हरत नाही, पण सोंगटी खाली बसते आणि मध्य समोरच्याला मोकळा मिळतो. दुसऱ्या रेघेवरची पहिली खेळी तर सरळ सोडून द्या.

छोट्या पटावर जागा कशी वाटली जाते ते एकदा आकड्यांत बघा. समजा शेवटी काळ्याची भिंत E च्या उभ्या रेघेवर झाली आणि पांढऱ्याची तिला लागून F वर. काळ्याच्या डावीकडे चार रेघा गुणिले नऊ, म्हणजे ३६ बिंदू. पांढऱ्याच्या उजवीकडे तीन गुणिले नऊ, म्हणजे २७. कोमी, म्हणजे दुसरा खेळतो म्हणून पांढऱ्याला मिळणारे जादा गुण, ६.५ धरली तर काळा २.५ ने जिंकला. आता हीच हद्द फक्त एक रेघ डावीकडे सरकवा: काळा D वर, पांढरा E वर. काळ्याचे २७ झाले, पांढऱ्याचे ३६ आणि वर कोमी. काळा १५.५ ने हरला. एका रेघेचा फरक १८ गुणांचा. शेताचा बांध हातभर सरकला तर भावाभावांत कोर्टकचेरी होते. इथे तर एका रेघेवर अख्खा डाव फिरतो. म्हणून पहिल्या सोंगट्यांनी कोपरा किती पदरात पडला यापेक्षा बांध कुठून जाणार हे पाहायचं.

पहिल्या खेळीसाठी E5, चौथ्या-चौथ्या रेघेवरची F6 किंवा तिसऱ्या-चौथ्या रेघेवरची G6, सगळ्या चांगल्या आहेत. नवशिक्याला मी E5 च सुचवतो, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे. E5 नंतर पांढऱ्यापुढे ८० बिंदू मोकळे असतात, पण पट चारी बाजूंनी सारखा असल्याने फिरवून आणि आरशात पाहून त्यांत खरे वेगळे बिंदू १४ च उरतात. त्यातले बरेचसे पहिल्या-दुसऱ्या रेघेवरचे, म्हणून फारसे कामाचे नाहीत. अभ्यासाला इतकी कमी उत्तरं दुसरी कुठलीही पहिली खेळी देत नाही.

पांढरा असताना मधल्या सोंगटीला चिकटणं

काळा E5, पांढरा लगेच E6. 'मध्य त्याला का द्यायचा' या भावनेतून ही खेळी येते. पण चिकटलेल्या सोंगटीचा एक मोकळा बिंदू आधीच गेलेला असतो. काळ्याने F6 ला वळसा घातला की E6 ला D6 आणि E7 हे दोनच उरतात. पांढऱ्याने चिडून F5 ला तोडलं तर फुली तयार होते: E5 आणि F6 काळ्या, E6 आणि F5 पांढऱ्या. मोजून बघा, चारही सोंगट्यांना प्रत्येकी दोनच मोकळे बिंदू आहेत आणि पाळी काळ्याची आहे. म्हणजे पांढऱ्याने स्वतः काढलेल्या भांडणात तो एक खेळी मागे आहे.

काळ्याची नेहमीची चूक इथेच होते. दिसली संधी की दिली आतारी, म्हणजे एकच मोकळा बिंदू उरवून पुढच्या खेळीला उचलायची धमकी. समोरचा पळतो, पळताना मजबूत होतो आणि आपल्या सोंगट्या विखुरतात. त्याऐवजी शांतपणे E4 ला सोंगटी लांबवा. E5-E4 या जोडीला आता D5, D4, F4, E3 असे चार मोकळे बिंदू झाले. पांढऱ्याने G6 वरून F6 ला आतारी दिली तर F7 ला निघा, तिथे पुन्हा तीन मोकळे बिंदू मिळतात आणि E6 ची वरची बाजू आवळली जाते.

पांढऱ्याने E5 ला उत्तर द्यायचं ते थोडं अंतर ठेवून: घोड्याच्या चालीवर G4 ला, नाहीतर सरळ एक बिंदू सोडून G5 ला. दोन्ही सोंगट्या तिसऱ्या रेघेवर आहेत आणि त्यांना स्वतःचे चारही मोकळे बिंदू आहेत.

काळ्याची तिसरी खेळी

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही खेळी. काळा E5, पांढरा G4. आता काय?

कोथरूडला बहिणीकडे गेलो की भाचीबरोबर डाव होतो. ती इथे हमखास C7 ठेवायची, अगदी लांबचा समोरचा कोपरा. विचारलं तर म्हणायची, "मामा, त्याने तो कोपरा घेतला ना, मग मी हा घेतला." समानतेचा हिशोब ठीक आहे, पण C7 ज्या भागात बसते त्या भागाकडे E5 चं तोंड आधीपासूनच आहे. दुसरी सोंगटी तिथे फार कमी भर घालते. पांढरा मग E3 ला येतो, काळ्याच्या मध्याखालून डावीकडे सरकायची तयारी करतो. काळ्याने C4 ला त्याला अडवलं तर पांढरा G6 ने उजवी बाजू बांधतो. काळ्याने G6 अडवलं तर पांढरा डावीकडे खाली शिरतो. दोन्ही वाटा एका सोंगटीने बंद होत नाहीत.

दुसरी चूक याच्या अगदी उलटी. G4 च्या भीतीने काळा E4 ला, मधल्या सोंगटीला लागून ठेवतो. जोडी तुटत नाही हे खरं, पण ती काहीच घेरत नाही. पांढरा E7 ला गेला की काळ्याच्या मध्याला खालून उजवीकडे G4 आणि वर E7 अशा दोन बाजूंनी हद्द लागली.

भाचीला मी एकच प्रश्न विचारायला शिकवलं: पुढची पाळी त्याची असती तर तो कुठे गेला असता? उत्तर E3 किंवा त्याच्या आसपास येतं. मग तीच जागा आपण घ्यायची. काळा E3. E5 पासून एक बिंदू सोडून उडी असल्याने जोडणी सहज तुटत नाही, आणि पांढऱ्याची खालून डावीकडे जायची वाट बंद होते. दोघांनाही हवा असलेला बिंदू ओळखण्याची ही सवय सुरुवातीला पाठ केलेल्या कुठल्याही क्रमापेक्षा जास्त उपयोगी पडते.

बांध ताणून आत पोकळ ठेवणं

डाव पुढे नेऊ. काळा E5, पांढरा G4, काळा E3, पांढरा G6. पांढऱ्याने उजवी बाजू धरली. आता काळा खुशीत E7 ठेवतो. E3, E5, E7 अशी सरळ रांग. कागदावर हिशोब झकास दिसतो: डावीकडे ३६, पांढऱ्याकडे G च्या पलीकडे १८ आणि कोमी ६.५, F ची रेघ कुणाचीच नाही. काळा ११.५ ने पुढे.

पण पाळी पांढऱ्याची आहे, आणि उजवीकडे त्याला करण्यासारखं फारसं उरलेलं नाही. तो आत येणारच, समजा C6 ला. डावीकडे काळ्याची एकही सोंगटी नाही, चार रेघा रुंद जागा रिकामी आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यात पांढऱ्याने दोन डोळे केले तर काळ्याच्या ३६ मधले वीसच्या आसपास उरतात आणि डाव गेला. "सगळी जागा माझी होती, तो कसा काय आत जगला?" हा प्रश्न ज्याला वारंवार पडतो, त्याची चूक आत शिरल्यानंतरच्या लढाईत शोधू नका. ती E7 मध्ये आहे.

त्याऐवजी E5 पासून घोड्याच्या चालीवर D7 ठेवा. वरच्या तीन ओळींत बांध एक रेघ मागे येतो: आपले साधारण तीन बिंदू जातात, पांढऱ्याला तीन मिळतात, ११.५ ची आघाडी ५.५ वर येते. पण ती आघाडी बऱ्यापैकी राखता येते. आता पांढरा C6 ला आला तर वर D7 ने त्याला पसरायला जागा ठेवलेली नाही, खालून C4 ला अडवायचं. तो खालच्या मोठ्या बाजूला C4 वर आला तर वरून C6 ला दाबायचं, खाली E3 उभीच आहे. आत शिरलेल्या सोंगटीला ज्या बाजूला जास्त मोकळी जागा असेल ती बाजू आधी बंद करायची, आणि तिला चिकटायचं नाही, कारण चिकटलं की ती मजबूत होते.

घरी तपासायला एक सोपी पद्धत आहे. पाचवी खेळी झाली की थांबा, दोघांचे बांध बोटाने कडेपर्यंत ओढून बिंदू मोजा. मग आपल्या भागात जिथे सलग चार रेघा रुंद जागा आपल्या सोंगटीशिवाय आहे तिथे बोट ठेवा. आकड्यांत पंधरा-सोळाने मागे असाल तर तिसरी खेळी पुन्हा बघा. आकड्यांत पुढे आहात पण बोट ठेवायला जागा सापडली, तर पाचवी.