आठवड्याचे कपडे रविवारीच लावून ठेवताना: पावसाळ्यातील तयारी

गेल्या वर्षी आषाढात मी मोठ्या हौसेने सोमवार ते शनिवार असे सहा दिवसांचे कपडे रविवारी संध्याकाळी इस्त्री करून, जोड्या लावून, धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून कपाटात ठेवले होते, आणि बुधवारी पहाटे पिशवी उघडली तेव्हा पांढऱ्या सलवारीच्या नेफ्यावर मोहरीएवढे काळे ठिपके उठलेले होते व त्या पिशवीतल्या ओढणीलाही कुबट वास येत होता. साडेसहाची एसटी गाठायची असल्याने सोमवारचाच ड्रेस पुन्हा अंगावर चढवावा लागला, आणि पाचवीतील एका मुलीने तो वर्गात शिरताक्षणीच ओळखला. म्हणून या यादीत पहिले, मधले आणि शेवटचे काम एकच आहे: नेफा तपासावा.

कापड वरून कोरडे लागले तरी नाडीचा नेफा, काखेतील शिवण आणि ब्लाउजचे अस्तर येथे कापडाचे दोन-तीन थर एकावर एक असतात आणि कोकणच्या पावसाळी हवेत ते सर्वांत शेवटी वाळतात. कित्येक महिने कपाटात असलेला एखादा रुमाल एका गालाला आणि नेफा दुसऱ्या गालाला लावून पाहावा. नेफा अधिक गार लागला तर त्यात अजून पाणी आहे असे समजावे. नाडी काढूनच दोरीवर घालावी, सलवार उलटी करावी आणि नेफ्याचे तोंड वाऱ्याकडे ठेवावे. इस्त्रीने ओल जाते हा समज अर्धाच खरा आहे, कारण गरम कापड लगेच घडी करून ठेवल्यास वाफ आतच अडकते. इस्त्रीनंतर निदान तासभर कपडे हँगरवर मोकळे राहू द्यावेत. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात, बुरशीला त्यांचे काही सोयरसुतक नसते. खळ मात्र बुरशीचे खाद्यच आहे, तेव्हा चार महिने सुती साड्यांना खळ घालू नये. प्लास्टिकच्या पिशव्यांविषयी पुन्हा सांगण्याची गरज नसावी.

धुणे शनिवारी दुपारी, अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर लगेच उरकावे, म्हणजे पडवीतल्या दोरीला रविवार दुपारपर्यंत एक दिवस मिळतो. त्यानंतर वार ठरवताना रंगाच्या आवडीपेक्षा वाळण्याचा क्रम पाळावा. माझी सध्याची मांडणी अशी आहे: सोमवारी आणि मंगळवारी सिंथेटिक ड्रेस, कारण ते एका रात्रीत वाळतात; बुधवारी पातळ सुती कुर्ता; गुरुवारी जॉर्जेटची साडी, मात्र तिचा परकर सुती असल्यामुळे त्याचाही नेफा पाहूनच; आणि अस्तराचा जाड सुती ड्रेस शुक्रवारी, कारण तोपर्यंत तो बाहेरच्या खोलीत हँगरवर टांगलेला राहतो व बुधवारी रात्री त्याचा नेफा पुन्हा तपासता येतो. शनिवारी काहीही चालते.

उन्हाळ्यात सहा कुर्त्यांना तीन सलवारी पुरतात, कारण मधल्या वारी धुतलेली सलवार दुसऱ्या दिवशी तयार असते. पावसाळ्यात हा हिशेब कोसळतो आणि सहाच्या सहा वेगळ्या असाव्या लागतात. शिवाय एक सातवा जोड राखीव हवा, तोही सिंथेटिकच, कारण एसटी थांब्यापासून शाळेपर्यंतच्या जांभ्याच्या तांबड्या चिखलाने एखादा दिवस हमखास वाया जातो. फिक्या रंगाच्या सलवारी याच कारणाने मी जून ते सप्टेंबर बाहेर काढतच नाही. त्या तांबड्या डागांवर साबण घासत बसण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी खुशाल काढाव्यात.

पुनरावृत्ती टाळण्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेच्या चौकोनात एक शब्द लिहावा, जसे ‘मोरपंखी’ किंवा ‘चौकडा’, आणि नवा आठवडा लावताना मागचे दोन आठवडे पाहून घ्यावेत. लोकांच्या लक्षात कुर्ता आणि ओढणी राहते, सलवार राहत नाही. दोन कुर्त्यांच्या ओढण्यांची अदलाबदल केली तरी निभावते, पण ती रविवारीच आरशासमोर ठरवावी. सकाळी सहा वाजता दिव्याच्या उजेडात जांभळा आणि निळा सारखेच दिसतात.

इस्त्री रविवारी दुपारीच करावी, संध्याकाळच्या विजेचा भरवसा नसतो. बटणे, हुक, फॉलचे सुटलेले टाके, पिना हे सर्व त्याच वेळी पाहावे. रुमाल सहा. छत्री, रबरी चपला. नाड्या परत ओवाव्यात, पण नेफा गालाला लावून झाल्यावरच.