मराठी डायलॉगचं लिप-सिंक करताना या चुका टाळा

मराठी लिप-सिंकच्या फायली दुरुस्तीला येतात तेव्हा चुका जवळपास त्याच त्याच असतात, आणि बहुतेकांचं मूळ एकच, टूलला मराठी कळतं असं धरून चाललेलं असतं. पापागायो घ्या किंवा रुबार्ब घ्या, दोन्ही मुळात इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेली आहेत. पापागायोत इंग्रजी उच्चारकोश आणि प्रेस्टन ब्लेअर पद्धतीचे दहा आकार, रुबार्बमध्ये A ते F हे सहा मूळ आकार आणि हवे असतील तर G, H, X हे तीन जास्तीचे. आकार कमी आहेत ही अडचण नाहीच, एवढ्यात मराठी आरामात बसते. गडबड होते ती कुठला आवाज कुठल्या आकारात टाकायचा हे टूल इंग्रजीच्या हिशोबाने ठरवतं तिथे.

पुढे मी रुबार्बचीच अक्षरं वापरतोय. A म्हणजे ओठ मिटलेले, B म्हणजे तोंड किंचित उघडं आणि दात जवळ, C मध्यम उघडं, D पूर्ण उघडं, E थोडं गोल, F ओठांचा चंबू, G वरचे दात खालच्या ओठावर, H जीभ वर, X गप्प.

रोमनमध्ये लिहून इंग्रजी रेकग्नायझरला देणं

ही चूक सगळ्यात जास्त बघितलीय आणि हिचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. रुबार्बमध्ये डायलॉगची टेक्स्ट फाईल देता येते, म्हणून लोक मराठी वाक्य इंग्रजी अक्षरांत टाईप करून देतात आणि आता अचूक येणार म्हणून निश्चिंत होतात. पण डिफॉल्ट रेकग्नायझर इंग्रजीचा आहे, शब्द त्याच्या कोशात नसला की तो इंग्रजी स्पेलिंगच्या नियमांनी उच्चार बनवतो.

मागे लहान मुलांच्या गोष्टींचा एक एपिसोड माझ्याकडे आला होता. त्यात आजीचं वाक्य होतं, "थांब बाळा, फांदी वाकलीय, आंबा पडेल." ॲनिमेटरने डायलॉग फाईलमध्ये हे दिलं होतं:

```
thamb bala, phandi vakliy, amba padel
```

आता इंग्रजी नजरेने वाचा. ph म्हणजे फ नाही तर दातांवर ओठ ठेवून काढलेला आवाज, म्हणून फांदीला G. v म्हणजे परत दात ओठावर, म्हणून वाकलीयला पण G. एका वाक्यात आजीने दोनदा खालचा ओठ चावला. bala मधला ळ साधा l समजून जीभ दातांमागे दिसली. पडेल मधला छोटासा अ आणि बाळा मधला लांब आ दोन्ही सारखेच मोठे उघडले. दिग्दर्शकाने बघितलं आणि म्हणाला की आजी डब केल्यासारखी वाटतेय. त्याचं अगदी बरोबर होतं, पण त्यावर टीमने काय केलं तर तोंडाची रिग बदलायला घेतली, नवे ओठ काढून घेतले, आकार वाढवले आणि सगळा सीन परत रन केला. निकाल अर्थातच तसाच आला, कारण आकार बरोबर होते, चुकीच्या जागी पडत होते.

मी करतो ते एवढंच, पहिला ड्राफ्ट ध्वनीवर चालणाऱ्या रेकग्नायझरने काढतो, जो भाषा धरत नाही:

```
rhubarb -r phonetic -f tsv -o aaji.tsv aaji.wav
```

याने शब्द ओळखण्याचा प्रयत्नच होत नाही, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगची भानगड संपते. पण हा ड्राफ्टच असतो, हे डोक्यात पक्कं ठेवा. हळू बोललेला म किंवा वाक्याच्या शेवटचा ब यातून सुटतो, आणि मागे म्युझिक किंवा पावसाचा आवाज असेल तर भलतंच काहीतरी येतं, म्हणून नेहमी कोरा आवाज द्या, मिक्स केलेला नाही. त्यानंतर हाताने दुरुस्ती करावीच लागते. ती टाळायची म्हणून लोक `thaamb`, `phaandee` अशी स्पेलिंगं करून करून टूलला पटवत बसतात, त्यात हाताने करण्यापेक्षा जास्त वेळ जातो आणि पुढच्या वाक्याला परत तेच. हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही.

हाताने करताना मी आधी फक्त मिटलेले ओठ बसवतो, म्हणजे प, ब, भ, म आणि कधी कधी फ. बाकी काही बघत नाही. मग आवाज बंद करून प्ले करतो. मिटणं जागच्या जागी असेल तर मधले आकार थोडे ढिले असले तरी डोळ्याला खटकत नाही, आणि मिटणं चुकलं तर बाकी कितीही सुंदर केलं तरी वाया जातं. आजीच्या "थांब बाळा" चं सेकंदाला 24 फ्रेम्सच्या हिशोबाने असं झालं:

```
1   B
3   D
7   A
12  D
16  B
18  D
```

थ ला B, आ ला D, मग सातव्या फ्रेमपासून पाच फ्रेम ओठ मिटलेले. या पाच फ्रेममध्ये अनुस्वाराचा म, थांबचा ब आणि बाळाचा ब असे तिन्ही आले, कारण आजी मध्ये थांबलेली नाही आणि ओठ एकदाच उघडतात. नवीन मुलं इथे हमखास दोन शब्दांच्या मध्ये तोंड उघडतात, शब्द दोन आहेत म्हणून. शब्द कागदावर दोन असतात, ओठांना त्याचं काही नसतं. सोळाव्या फ्रेमचा ळ मुद्दाम B ठेवलाय. ळ ला जीभ मागे वळते, समोरून दिसत नाही. H फक्त ल साठी, तोही जरा लांबवलेला असेल तरच.

फ आणि व कान न देता टाकणं

फ चा नियम करू नका, कलाकाराला ऐका. काही लोक फांदी, फूल, फळ म्हणताना ओठ पूर्ण मिटतात आणि मग हवा सोडतात, तिथे A पाहिजे. शहरातले बरेच जण तोच फ दात ओठाला लावून म्हणतात, तिथे G. ऑफिस, फोन, कॉफी यांना बहुतेकदा G च लागतो. ऐकून कळत नसेल तर ऑडॅसिटीत वेव्हफॉर्म मोठा करून बघा. ओठ मिटून काढलेल्या फ च्या आधी आवाज क्षणभर तुटतो, रेघ सपाट होते आणि मग एकदम उसळते. दातांवरच्या फ मध्ये अशी सपाट जागा नसते, खरखर सलग चालते. फक्त वाक्याच्या सुरुवातीचा फ असेल तर आधी शांतताच असते, तेव्हा उसळी आहे की खरखर हळूहळू वाढतेय एवढंच बघा. आमच्या आजीच्या आवाजात फांदीच्या आधी स्वच्छ सपाट जागा होती, म्हणून दोन फ्रेम A आणि मग D.

व ला मात्र टूल देईल तो G मी जवळपास नेहमीच काढून टाकतो. मराठीत व म्हणताना दात ओठावर असे रोवले जात नाहीत, लागले तरी ओझरते. वा, व, वो असेल तर दोन फ्रेम E देऊन पुढच्या स्वरात जातो. वि आणि वे ला B पुरतो. कोणी रागाने दात दाबून "वेडा आहेस का" म्हणत असेल तर G ठेवा, पण ते त्या अभिनयासाठी.

अ ला आ सारखं उघडणं

मन आणि मान, कर आणि कार यांत तोंडाचा फरक स्पष्ट दिसतो आणि रोमनमध्ये दोन्हीकडे एकच a. पापागायोत तर अ साठी वेगळा आकारच नाही, तो आ च्याच AI नावाच्या आकारात जातो, आणि मराठी वाक्यात अ इतके असतात की पात्र सारखं आ वासून बोलतंय असं दिसतं. माझी सवय अशी की D फक्त आ साठी राखून ठेवायचा. अ ला जास्तीत जास्त C, भरभर बोलत असेल तर B. पापागायोतच काम करायचं असेल तर अ च्या जागी पापागायोचा E किंवा etc टाका आणि बघा कुठला तुमच्या रिगवर बरा दिसतो.

याचाच दुसरा भाग म्हणजे देवनागरी अक्षरं एकेक करून आकारांत बदलणारी स्क्रिप्ट. प्रत्येक व्यंजनात अ धरून ती घर, बस, झाड सगळ्यांच्या शेवटी तोंड उघडते. करतात हा शब्द ओठांना कर्तात् असा आहे. शेवटचा अ काढाच, मधला ऐकून काढा. शब्द, मित्र असे जोडाक्षराने संपणारे शब्द मात्र सोडा, तिथे शेवटी थोडासा अ खरंच ऐकू येतो.

बाकीच्या छोट्या

अनुस्वार म्हणजे न असं सरसकट धरू नका. पुढे प, फ, ब, भ असेल तर ओठ मिटतात: आंबा, खांब, संप, सांभाळ. अंगण, आनंद, घंटा यात मिटत नाहीत. संवाद बहुतेक जण म्हणतात तसा म्हटला तर ओठ मिटत नाहीत, गोल होत व कडे जातात.

र ला गोल ओठ देऊ नका, ते इंग्रजी र चं लक्षण आहे. आपला र जिभेचा, त्याला B.

च, ज, श ला टूल कधी कधी ओठ पुढे काढतं. चिंच, जीभ म्हणून बघा, आरशात. B.

जातो, येतो मधला ओ एकाच आकारात राहतो, त्याचा शेवट चंबूत नेऊ नका. औ आणि ऐ ला मात्र दोन आकार लागतात, औषधाला C मधून F.

प्रत्येक अक्षराला आकार द्यायचा हट्ट सोडा. वाकलीयचा शेवट, म्हणजे कलीय, हा सगळा एकाच B वर जबडा थोडा खाली-वर करून निघतो. अधीर माणूस इथे चार आकार टाकतो आणि मग तोंड फडफडतंय म्हणून स्मूदिंग लावतो, आणि ते स्मूदिंग नेमकं ब आणि म चे ओठ अर्धवट उघडे ठेवतं.

आणि A कधीही एका फ्रेमचा ठेवू नका, किमान दोन. तुम्ही ऑन टूज करत असाल आणि मिटणं दोन ड्रॉइंगच्या मध्ये पडत असेल तर ते आधीच्या ड्रॉइंगवर सरकवा, नंतरच्या नाही. ओठ आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी मिटलेले चालतात, ब ऐकू आल्यावर मिटले की लगेच कळतं.