निबंधाचं रुब्रिक : खरी मेहनत वर्णनात

नववीच्या वर्गाला विषय दिलाय, ‘पावसाळी मासेमारी बंदी हवी का?’. गुण २०. रुब्रिकमध्ये, म्हणजे गुण देण्याच्या तक्त्यात, निकष चारच ठेवा: मुद्द्यांना आधार, मांडणी, भाषा, शुद्धलेखन. प्रत्येकाला ४ ते १ असे स्तर आणि आधाराचे गुण दुप्पट. स्तर तीन किंवा पाच ठेवलेत की तपासणारा दमला की मधल्यावर टिकमार्क करून मोकळा होतो. म्हणून चार.

आता प्रत्येक स्तराची वर्णनं. ‘उत्तम, चांगले, बरे, असमाधानकारक’ एवढंच लिहिलंत तर ते रुब्रिक नव्हे, शेरे झाले. ‘पुरेसा’, ‘प्रभावी’, ‘योग्य’ हे शब्दही काढा, कारण पुरेसा म्हणजे किती हे ज्याचं त्यानं ठरवायचं राहतं. ‘किमान तीन उदाहरणे’ असं मोजमापही नको. मुलं तीन ओळी मोजून लिहितात आणि पोकळ निबंधाला पूर्ण गुण द्यावे लागतात.

सुरुवात ४ पासून करू नका, ३ पासून करा. वर्गातल्या नीट लिहिणाऱ्या मुलाकडून अपेक्षित काम ते. मग १ लिहा, शेवटी ४ आणि २. चारही ओळींत बदलणारी गोष्ट एकच हवी. आधाराच्या निकषात ती म्हणजे मुद्दा कशावर उभा आहे:

३ – नेमकं उदाहरण आहे, पण त्यावरून मुद्दा कसा ठरतो हे वाचकावर सोडलंय. (‘जूनमध्ये मासळीच्या पोटात गाबोळी असते, म्हणून बंदी हवी.’)

१ – नुसतं मत. (‘बंदी हवीच.’)

४ – उदाहरण आहे आणि ते मुद्द्याशी जोडलंय. (‘गाबोळीची मासळी पकडली तर तिची पिल्लं जन्मालाच येत नाहीत, पुढच्या हंगामात जाळं हलकं येतं, म्हणून बंदी हवी.’)

२ – कारण आहे, पण ढोबळ. (‘बंदीमुळे मासे वाढतात.’)

२ आणि ३ मधली रेघ सगळ्यात जास्त घसरते. उदाहरणात एखादी गोष्ट, वेळ किंवा जागा सांगितली असेल तर ३, नसेल तर २. बंदीच्या विरोधात लिहिणाऱ्यालाही हीच फूटपट्टी. मत कोणतं याचे गुण नाहीत. एकाच निबंधात दोन मुद्दे ३ चे आणि एक १ चा निघाला तर जास्त मुद्दे ज्या स्तराचे तोच द्यायचा, हेही तळाशी लिहून ठेवा. सरासरी काढत बसू नका.

भाषेच्या निकषात एक ओळ घाला: मासे, होड्या, जाळी यांची मालवणी नावं चूक धरायची नाहीत. नाहीतर कोणीतरी ‘गाबोळी’खाली लाल रेघ मारणारच.

मांडणी आणि शुद्धलेखनाची वर्णनं अशाच रीतीने होतात, ती सोपी आहेत.

छापण्याआधी पाच वह्या दोघांनी वेगवेगळ्या तपासा, एकमेकांचे गुण न बघता. एखाद्या निकषावर दोघांत दोन स्तरांचा फरक आला, किंवा एकाच निकषावर तीन वह्यांत एकेक स्तर हलला, तर मुलाची वही ठेवा बाजूला आणि त्या निकषाचं वर्णन पुन्हा लिहा.