बाळ रडलं की बाळंतिणीचं एक खाणं बंद? या चुका टाळा

बाळंतपणाचा चोविसावा दिवस. पहिलटकरीण, माहेरी आलेली. बाळ रोज संध्याकाळी सातला रडायला लागायचं ते दहापर्यंत. पहिला संशय फ्लॉवरवर गेला. फ्लॉवर बंद झाला, रडणं चालूच. मग हरभऱ्याची डाळ गेली, पाठोपाठ वांगं, दही, केळं, मोसंबी आणि शेवटी गव्हाची पोळीसुद्धा. आजीचा हेतू चांगलाच होता. पण ती मुलगी माझ्याकडे आली तेव्हा चक्कर येतेय, शौचाला खडा होतोय आणि दूध कमी पडतंय असं वाटतंय, या तीन तक्रारी घेऊन आली. आहारतज्ज्ञ म्हणून ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की पहिला प्रश्न ठरलेला असतो: काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंत?

तिचं उत्तर असं होतं. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दहा वाजता वाटीभर अळिवाची खीर. दुपारी मऊ भात, मुगाचं वरण, दोन चमचे तूप आणि शेपूची भाजी. संध्याकाळी चहा, डिंकाचा एक लाडू. रात्री अर्धी बाजरीची भाकरी आणि पुन्हा तेच वरण. हे सगळं मिळून साधारण १४०० किलोकॅलरी होतात आणि प्रथिनं ३५ ग्रॅमच्या आसपास.

आता गरज किती ते पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० किलोकॅलरी लागतात. अंगावर पाजत असताना पहिले सहा महिने त्यात रोज ६०० ची भर घालायची, पुढचे सहा महिने ५२० ची. प्रथिनं पहिले सहा महिने एरवीच्या ४६ ग्रॅमवर १७ ग्रॅम जास्त. कारण सरळ आहे. शरीर रोज जवळपास पाऊण लिटर दूध बनवतं, त्या दुधात सुमारे ५०० किलोकॅलरी असतात, आणि ते बनवण्याचा खर्च वेगळा. म्हणजे या मुलीला २२६० च्या आसपास हवं होतं. तूट होती साडेआठशेची. गरोदरपणात साठलेली चरबी यातला थोडा भाग भरून काढते, पण रोज एवढी मोठी तूट ती भरू शकत नाही.

गंमत म्हणजे बाळाचं काही बिघडलेलं नव्हतं. जन्मवजन २.८ किलो, चोविसाव्या दिवशी ३.१५. बाळ पहिल्या काही दिवसांत वजन गमावतं, दहा ते चौदा दिवसांत ते भरून काढतं आणि मग पहिले तीन महिने रोज २० ते ३० ग्रॅम वाढतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा वेळा लंगोट ओला होत असेल आणि वजन असं वाढत असेल, तर दूध पुरेसं आहे. स्तन मऊ वाटणं किंवा बाळाने तासाभरात पुन्हा मागणं, यावरून दूध कमी झालं असं ठरवता येत नाही. आई अर्धपोटी राहिली तरी दुधाचं प्रमाण बराच काळ टिकतं. झीज होते ती आईची. म्हणूनच ही चूक घरात लवकर लक्षात येत नाही.

चूक पहिली: आईने वातूळ खाल्लं की बाळाला गॅस होतो असं मानणं

फ्लॉवर, कोबी, राजमा, हरभरा खाल्ल्यावर आपल्याला गॅस का होतो? त्यातला जो भाग पचत नाही तो मोठ्या आतड्यात जातो, तिथले जंतू तो आंबवतात आणि वायू तयार होतो. ही सगळी उलाढाल आईच्या आतड्यात होते. दूध मात्र रक्तातून बनतं. न पचलेला तंतू रक्तात उतरत नाही, त्यामुळे तो दुधातही येत नाही. आईचं पोट फुगेल, बाळाचं त्याने फुगत नाही.

आंबटाचंही तसंच. लिंबू किंवा संत्रं खाऊन रक्त आंबट होत नाही, मग दूध कसं होईल? दही, केळं, काकडी यांनी बाळाला सर्दी होते हा समज तर अगदी पक्का बसलेला. सर्दी विषाणूंमुळे होते आणि ते येतात माणसांकडून. बारशाला पाऊणशे माणसं जमतात, त्यातल्या एका तरी मावशीचं नाक वाहत असतं, ती बाळाचा मुका घेते आणि दोन दिवसांनी दोष येतो आईने खाल्लेल्या केळ्यावर.

दुधात काय उतरतं मग? चव आणि वास उतरतात. लसूण खाल्ल्यावर काही तासांत दुधाला त्याचा वास येतो, आणि बाळं त्यामुळे दूध सोडत नाहीत. घरातल्या जेवणाची ओळख त्यांना अशी आधीच होते. चहा-कॉफीतलं कॅफीन उतरतं, म्हणून दिवसाला दोन-तीन कपांवर थांबावं. दारू उतरते. तंबाखूही उतरते, आणि इथे मला घरच्यांच्या पथ्याची यादी उलटी वाटते. केळं बंद करणाऱ्या काही घरांत बाळंतीण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते आणि त्यावर कुणी काही बोलत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. त्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात आणि तिथून दुधात जातं.

मग बाळ संध्याकाळीच का रडतं? धडधाकट बाळांचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. ते बहुतेकदा संध्याकाळीच होतं. त्या दिवशी दुपारी काहीतरी खाल्लेलं असतंच, मग दोष त्यावर जातो. मी तिला वहीत चार दिवस दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या: काय खाल्लं, आणि बाळ किती वेळ रडलं. त्यातले दोन दिवस नुसता मऊ भात आणि मुगाचं वरण, दोन दिवस फ्लॉवर-बटाटा आणि आमटी. चारही दिवस रडणं अडीच ते तीन तास. वही पाहून आजी म्हणाल्या, "म्हणजे हा असाच रडणार होता तर!"

खरोखर संशय घ्यावा असा पदार्थ

एक आहे. दूध. गायी-म्हशीच्या दुधातली प्रथिनं आईने खाल्ल्यावर अगदी थोडी तिच्या दुधात येतात आणि मोजक्या बाळांना त्यांची ॲलर्जी असते. पण अशा वेळी नुसतं रडणं नसतं. शीमध्ये रक्ताच्या रेषा किंवा बुळबुळीत शेंब दिसतो, अंगावर न जाणारं इसब येतं, वारंवार उलट्या होतात, वजन अडतं. नुसती हिरवी शी मात्र बहुतेकदा काळजीची नसते.

असं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आईने दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा पूर्ण बंद करायचं आणि मग पुन्हा सुरू करून बघायचं. लक्षणं थांबली आणि पुन्हा सुरू केल्यावर परत आली, तरच ॲलर्जी म्हणायची. आपल्याकडे दुसरी पायरी कुणी करत नाही, आणि बाई वर्षभर उगाच दुधाविना राहते. पदार्थ कुठलाही असो, एका वेळी एकच बंद करा. पाच एकदम बंद केले तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. आणखी एक घोळ: आईच्या दुधातली लॅक्टोज साखर स्तनातच तयार होते, आईने दूध सोडलं म्हणून ती कमी होत नाही.

चूक दुसरी: पाणी तोडणं, किंवा पाण्याचा मारा करणं

जास्त पाणी प्यायलं तर पोट सुटतं आणि टाके पिकतात, म्हणून या मुलीला दिवसाला चार-पाच भांडी पाणी मिळत होतं, तेही कोमट. पोट सुटलेलं दिसतं ते ताणलेल्या स्नायूंमुळे आणि गर्भाशय पूर्ववत व्हायला लागणाऱ्या वेळामुळे. पाणी तोडल्याचा परिणाम मात्र तिला दिसत होता: खडा होणं आणि गडद पिवळी लघवी.

दुसऱ्या टोकाला, दूध वाढावं म्हणून तांब्यावर तांब्या पाणी पाजणारी घरं आहेत. जास्त पाण्याने दूध वाढत नाही. ते वाढतं बाळाने वारंवार आणि नीट ओढून स्तन रिकामा केल्याने. पान्हा फुटताना आईला तहान लागते, शरीर स्वतःच मागतं. तेव्हा पाजायच्या जागी भांडं भरून ठेवावं आणि तहानेप्रमाणे प्यावं. ताक, वरणाचं पाणी, पेज, सूप हे सगळं त्यातच धरायचं. लघवी फिकट असेल तर पाणी पुरतंय. गार की कोमट हा आवडीचा प्रश्न.

चूक तिसरी: डिंक-अळिवाच्या भरवशावर जेवण कमी करणं

डिंकाचे, अळिवाचे लाडू उत्तम आहेत. खारीक, खोबरं, तूप, अळीव यांतून कमी जागेत भरपूर ऊर्जा मिळते आणि जुन्या बायकांना हे नीट कळत होतं. पण लाडवाने पोट भरून पोळी-भाजी-उसळ सुटली तर प्रथिनं आणि जीवनसत्त्वं कुठून येणार? गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर लाडवांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. मेथीने दूध वाढतं याचा पुरावा कच्चा आहे. मधुमेहाची औषधं चालू असतील तर मेथीचा मारा नको.

आईच्या खाण्यावर दुधातलं काय अवलंबून असतं? कॅल्शियम नाही, लोहही फारसं नाही. कॅल्शियम कमी पडलं तर ते आईच्या हाडांतून ओढलं जातं. पण ब १२ जीवनसत्त्व थेट आईच्या साठ्यावर चालतं. दूध-दहीही सोडलेल्या शाकाहारी बाईत ते घटतं, आणि काही महिन्यांनी बाळ सुस्त होतं, हसायचं थांबतं, हात थरथरतात. शाकाहारी असाल तर तपासणी आणि गोळीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. लोह आणि कॅल्शियमच्या सरकारी गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. दोन्ही एकदम घेऊ नका, आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच.

त्या मुलीच्या जेवणातून आम्ही टोस्ट सोडले तर काहीच काढलं नाही, फक्त भर घातली. सकाळी टोस्टऐवजी थालीपीठ आणि दही, मधे एक केळं, दुपारी भाताबरोबर एक भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ, रात्री झोपताना कपभर दूध. साडेआठशेची तूट जवळपास भरली. पाणी तहानेप्रमाणे. दहा दिवसांत चक्कर थांबली, खडा मोडला. बाळ संध्याकाळी रडतच होतं. अडीच महिन्यांनी तिने फोन केला तेव्हा ते साडेसातला झोपायला लागलं होतं, आणि तिने आदल्या दिवशी भरलं वांगं खाल्लं होतं.