एक रेघ पक्की, दुसरी फिरती: बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती शिकवताना

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी दहावीला विज्ञान शिकवतो. भिंगाच्या धड्यात वस्तूच्या सहा स्थानांच्या सहा आकृत्या असतात, आणि मुलं त्या सहा वेगळी चित्रं म्हणून पाठ करतात. परीक्षेत मग 2F च्या पलीकडची आकृती F आणि 2F मधल्या प्रश्नाखाली येते. यंदा पहिल्यांदा दहावी घेणार असाल तर सहा आकृत्या एकाच आलेख कागदावर, एकाच अक्षावर काढायला लावा.

माझी मापं ठरलेली आहेत. नाभीय अंतर १० सेमी, कागदावरचा १ सेमी म्हणजे प्रत्यक्षातले ५ सेमी. म्हणजे F कागदावर भिंगापासून २ सेमीवर येतो. वस्तूची उंचीही कागदावर २ सेमीच. भिंगाच्या डावीकडे सहा-सात आणि उजवीकडे बारा सेमी तरी जागा सोडा, अक्षाखालीही दहा सेमी.

आता वस्तूच्या टोकापासून अक्षाला समांतर किरण काढायचा. भिंगाशी तो वळतो आणि पलीकडच्या F₂ मधून जातो. वस्तू भिंगापासून ३० सेमीवर असो की १२ वर, उंची तीच असेपर्यंत हा वळलेला किरण अजिबात हलत नाही. तो पेनाने एकदाच काढा. आपल्या मापात तो ४५ अंशांत उतरतो, त्यामुळे आलेखाच्या चौकटींच्या कोपऱ्यांतूनच जातो आणि हात चुकला तर लगेच दिसतं.

फिरतो तो फक्त दुसरा, प्रकाशीय केंद्र O मधून सरळ जाणारा किरण. वस्तू जवळ आणली की तो अधिक उभा होतो. तो पक्क्या रेघेला जिथे छेदतो तिथे प्रतिमेचं टोक, म्हणजे प्रतिमेचं टोक कायम त्या एकाच रेघेवर सरकत असतं.

वस्तू ३० सेमीवर असताना छेद १५ सेमीवर येतो आणि प्रतिमा निम्म्या उंचीची. २० वर आणली की प्रतिमाही २० सेमीवर, तेवढीच मोठी. १५ वर आणली की प्रतिमा ३० सेमीवर आणि दुप्पट. इथपर्यंत सगळं शिस्तीत चालतं. पुढे मात्र १२ वर आणली की प्रतिमा थेट ६० सेमीवर, पाचपट. कागदाची कड आली. दरवर्षी कोणीतरी ओरडतंच, "सर, पेज संपून राहिलं ना!"

पेज संपतं ते दोन्ही रेघा जवळजवळ समांतर झाल्यामुळे. वस्तू १२ ऐवजी ११.५ सेमीवर घेतली, म्हणजे कागदावर फक्त १ मिलिमीटर हलवली, तर प्रतिमा ६० वरून साधारण ७७ सेमीवर जाते. बोथट पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर असते. म्हणून F आणि 2F मधली आकृती परीक्षेत काढताना वस्तू १५ सेमीवर घ्यायला सांगा. हात थोडा हलला तरी उत्तर फार बिघडत नाही.

वस्तू बरोबर F₁ वर आली की, "सर, ह्या रेघा काहून नाही भेटून राहिल्या?" उत्तर उतारात आहे. पक्की रेघ नाभीय अंतरात वस्तूच्या उंचीइतकी उतरते. केंद्रातली रेघ वस्तूच्या अंतरात तेवढीच उतरते. ती दोन अंतरं सारखी झाली की उतारही सारखे. प्रतिमा अनंत अंतरावर हे वाक्य पाठ करायची गरज मुलांना मग उरत नाही.

याचा पडताळा मेणबत्तीवर घ्या. खिडक्या बंद करा, पंखाही बंद, नाहीतर ज्योत हलत राहते. पडदा म्हणून लग्नपत्रिकेची कोरी पाठ पुरते. ज्योत १५ वर ठेवली की ३० वर उलटी, दुप्पट ज्योत मिळते. १२ वर ठेवून ६० सेमीवर पडदा धरला तर ज्योत मोठी, पण फिकी दिसते. तोच प्रकाश पंचवीसपट जागेवर पसरलेला असतो, आणि दुपारी पत्र्याच्या फटींतून उजेड येत असला तर ती दिसतही नाही. हे सकाळच्या तासाला करा.

शेवटचं स्थान ६ सेमी. आता केंद्रातली रेघ पक्कीपेक्षा उभी असते, म्हणून भिंगापलीकडे दोन्ही एकमेकींपासून लांब जातात. पडदा कुठेही धरा, नुसता उजेडाचा डाग. पट्टी उलटी फिरवून दोन्ही रेघा मागे, वस्तूच्या बाजूला वाढवा. त्या १५ सेमीवर भेटतात, अक्षाच्या वर, अडीचपट उंचीवर. पेनाची रेघ तीच आहे, फक्त मागे वाढवलेली. हा मागचा भाग तुटक काढायचा आणि त्यावर बाण द्यायचा नाही, कारण त्या जागेतून हे वळलेले किरण गेलेलेच नाहीत. प्रतिमाही तुटकच. मुलं सगळं बरोबर काढून इथेच अखंड रेघ ओढतात, तेव्हा वही तपासताना आधी ही आकृती बघा.