या चुका टाळा: कन्फर्मेशन कमकुवत असताना डेटर्सची वसुली तपासताना

बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं पाठवली, निम्म्या पार्ट्यांचं उत्तरच नाही, काहींनी नुसतं 'ओके' लिहून पाठवलंय, आणि एक-दोन उत्तरं तर अशा ईमेलवरून आलीत जो त्या कंपनीचा वाटतच नाही. मग सगळे एकच मार्ग धरतात, वर्षअखेरीनंतर पैसे आलेत का ते बघा. मार्ग बरोबरच आहे, आयएसए ५०५ मध्ये उत्तर न आलेल्या पार्टीसाठी पर्यायी तपासणी म्हणून नंतरची वसुली, माल पाठवल्याचे कागद आणि वर्षअखेरीच्या आसपासची विक्री हेच सांगितलंय. गडबड होते ती तपासणी करण्याच्या पद्धतीत.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे लेजरची क्रेडिट बाजू बघून टिक मारणं. एक उदाहरण घेऊ, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मुद्दाम बनवलेत. एका पार्टीकडे वर्षअखेरीला ४८ लाख येणं. कन्फर्मेशनला उत्तर नाही. ज्युनिअरने पुढच्या दोन महिन्यांचं लेजर काढलं, क्रेडिट बाजूला ५२ लाख दिसले, म्हणजे येणं होतं त्यापेक्षा जास्तच वसूल झालं की, असं म्हणून वर्किंग पेपरवर 'पूर्ण वसूल' लिहून मोकळा.

आता ते ५२ लाख उघडून बघा. बँकेतून खरोखर आलेले ४० लाख, क्रेडिट नोटचे ५ लाख, आणि ७ लाख जर्नल एंट्रीने दुसऱ्या पार्टीच्या खात्यात ढकललेले. लेजर तिन्ही गोष्टी एकाच रांगेत दाखवतं पण पैसे फक्त पहिल्या रकमेचेच आलेत. म्हणून पहिलं काम म्हणजे प्रत्येक क्रेडिट एंट्रीचा प्रकार वेगळा करायचा, आणि बँकेची एंट्री बँक स्टेटमेंटला लावायची, तीही पैसे कुणाच्या खात्यातून आले ते बघून, कारण तिसऱ्याच कुणी भरलेले किंवा कंपनीच्याच ग्रुपमधून फिरून आलेले पैसे त्या पार्टीचं येणं खरं होतं हे सिद्ध करत नाहीत.

मग ४० लाखांचं काय? इथे दुसरी चूक, आलेला पैसा आपोआप जुन्या बिलांना लावणं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रिसीट आधी सगळ्यात जुन्या बिलाला लागते, आणि अकाउंट्सवाले 'ऑन अकाउंट' टाकून नंतर सोयीने लावतात. पार्टीने स्वतः कोणती बिलं भरली ते तिच्या पेमेंट अॅडव्हाइसमध्ये असतं, ते मागा. आपल्या उदाहरणात अॅडव्हाइस बघितलं तर १४ लाख नव्या वर्षातल्या बिलांचे निघाले, म्हणजे जुन्या ४८ लाखांपैकी रोखीने फक्त २६ लाख आले. अॅडव्हाइस मिळतच नसेल तर रक्कम कोणत्या बिलांच्या बेरजेशी तंतोतंत जुळते ते बघा, गोल रकमा येत असतील तर जुळवणी पक्की नाही असंच धरा.

आणि बिल वर्षाच्या आतलं, पैसेही आले, तरी एक प्रश्न उरतो की माल कधी गेला. बिल शेवटच्या आठवड्यातलं आणि माल पुढच्या वर्षात निघाला असेल तर पैसे येऊनही वर्षअखेरीला ते येणं नव्हतंच. त्यामुळे शेवटच्या दिवसांतल्या बिलांना डिस्पॅचचे कागद आणि ताबा कधी जातो ती विक्रीची अट, दोन्ही जोडल्याशिवाय फाइल बंद करू नका.

आता क्रेडिट नोट. लोक इथे रकमेवर टिक मारतात आणि कारण वाचत नाहीत, खरं तर सगळा मजकूर कारणातच असतो. आपल्या ५ लाखांत ३ लाख होते वर्षअखेरीआधी पाठवलेला माल परत आल्याचे, आणि २ लाख त्याच वर्षाच्या खरेदीवर ठरलेल्या सवलतीचे. दोन्ही नोटांवर तारीख नव्या वर्षाची, पण परिस्थिती जुन्या वर्षातली, म्हणून आयएएस १० प्रमाणे जुन्याच वर्षाची विक्री आणि येणं ५ लाखांनी कमी करायला हवं, आधीच तरतूद नसेल तर. परत आलेला माल विकण्यासारखा असेल तर त्याची कॉस्ट स्टॉकमध्ये परत घ्यायला विसरू नका. उलट, क्रेडिट नोट काढून लगेच तेवढ्याच रकमेचं नवीन बिल निघालं असेल तर जुनं बिल मुळात खरं होतं का, ही शंका घ्यायलाच हवी, कारण जुनं थकलेलं बिल ताजं दाखवायचा हा सोपा उपाय आहे.

क्रेडिट नोटची यादी मॅनेजमेंटने एक्सेलमध्ये दिलेली घेऊ नका, सिस्टममधून नंबरच्या क्रमाने तुमच्या समोर काढून घ्या आणि मधले नंबर गायब आहेत का बघा. ड्राफ्टमध्ये किंवा 'मंजुरी बाकी' म्हणून पडलेल्या नोटाही मागा. शिवाय गोदामाचं मालपरतीचं रजिस्टर बघा, माल आलाय आणि नोट निघालेली नाही अशा एंट्री तिथेच सापडतात.

जर्नलचे ७ लाख थोडक्यात: दुसऱ्या पार्टीच्या खात्यात रक्कम नेली, पण त्या पार्टीने ते देणं मान्य केल्याचा कागद नाही, तर ते येणं वसूल झालेलं नाही, फक्त जागा बदलली. तपासणी नव्या खात्यात चालू ठेवायची.

राहिले १० लाख. ना पैसे, ना क्रेडिट नोट, ना जर्नल. माझ्या मते या तपासणीत सगळ्यात कामाची गोष्ट जे आलं ती नसून जे आलं नाही ती असते, आणि नेमकं तेच 'फॉलोअप चालू आहे' या एका ओळीत गुंडाळलं जातं. हे एकच बिल होतं, आणि त्याच्या पुढची-मागची बिलं पार्टीने वेळेवर भरली होती. पैशांची चणचण असलेली पार्टी असं एकच बिल निवडून मागे ठेवत नाही, तिथे सहसा वाद असतो. अशावेळी अकाउंट्सला विचारून थांबू नका, सेल्स आणि क्वालिटीवाल्यांचे ईमेल, पार्टीने पाठवलेल्या डेबिट नोट, तक्रारींचं रजिस्टर हे मागा. इथे वर्षअखेरीआधीच माल निकृष्ट असल्याची तक्रार आली होती आणि ऑडिट चालू असताना ४ लाख सोडायचं तोंडी ठरलं होतं, फक्त नोट निघाली नव्हती.

हे ४ लाख कुठे टाकायचे यावर हमखास घोळ होतो. पार्टी देऊ शकत नाही म्हणून बुडणारी रक्कम आयएफआरएस ९ च्या अपेक्षित तोट्यात जाते. पण पार्टी देऊ शकते आणि मालात खोट आहे म्हणून देत नाही, तेव्हा प्रश्न किमतीचा आहे, ती रक्कम आयएफआरएस १५ प्रमाणे विक्रीतून वजा व्हायला हवी. वादाची रक्कम बुडीत कर्जाच्या टक्केवारीत मिसळली की विक्री फुगलेली राहते आणि तरतुदीचे टक्केही चुकतात. उरलेल्या ६ लाखांसाठी पार्टीने लेखी मान्य केलंय का ते बघा, नसेल तर तीही रक्कम वादातच धरून तपासा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ज्या पार्टीच्या उधारीची मुदत लांब आहे तिचे पैसे ऑडिट संपेपर्यंत येणारच नाहीत, तिथे ऑर्डर, डिस्पॅच आणि माल मिळाल्याची पार्टीची सही यांवरच काम करावं लागतं. उत्तर न देणारी पार्टी सॅम्पलमधून काढून तिच्या जागी पैसे भरलेली सोयीची पार्टी घेणं हा मात्र उपाय नाही. आणि आलेलं उत्तर संशयास्पद असेल तर 'उत्तर आलं' म्हणून त्यावर टिक मारू नका, कंपनीकडून मिळालेला नंबर न वापरता स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करून पडताळा, तरीही विश्वास बसत नसेल तर इतर पार्ट्यांच्या उत्तरांकडेही पुन्हा बघावं लागेल.